‘ला’ एक, कर्मे दोन

तंजावरच्या मराठीवर तमिळचा परिणाम दाखवायचा झाला की अभ्यासक बहुधा उसन्या शब्दांची यादी पुढे करतात. अधिक मोलाचा प्रश्न बाजूला पडतो: ‘देणे’सारख्या क्रियापदाच्या दोन कर्मांपैकी मुख्य कोणते?

तमिळमध्ये दिलेल्या वस्तूला ‘ऐ’ आणि घेणाऱ्याला ‘क्कु’ असे निरनिराळे प्रत्यय आहेत. मराठीत मात्र ‘चोराला पकडले’ आणि ‘आईला पुस्तक दिले’ या दोन्हींत ‘ला’च. केवळ रूप पाहणारा म्हणेल, घेणारी आई हेच मुख्य कर्म. उलट ‘आईला पोथी दिली’ येथे क्रियापद पोथीचे लिंग घेते, म्हणून दुसरा म्हणेल, वस्तूच मुख्य. परंतु हा पुरावा दिसतो तितका भक्कम नाही. ‘चोराला पकडले’ यात चोर एकमेव कर्म असूनही क्रियापद त्याच्याशी जुळत नाही. ‘ला’ लागताच जुळणी थांबते. तेव्हा आईशी क्रियापद जुळले नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही.

निर्णय कर्मणि प्रयोगाने होतो. ‘चोर पकडला गेला’ असे म्हणता येते, म्हणजे चोराचा ‘ला’ सुटतो. ‘आईला पोथी दिली गेली’ हे चालते. ‘आई पोथी दिली गेली’ हे कोणी म्हणणार नाही. प्रत्यय एकच, पण वर्तन दोन प्रकारचे.

हीच कसोटी ‘-ऊन देणे’ला लावावी. ‘त्याने आईला खिडकी उघडली’ हे मराठीत बसत नाही. ‘उघडून दिली’ म्हणताच आईला वाक्यात जागा मिळते. तमिळमध्येही ‘सेय्दु कोडु’ असाच हितभागी आणते. स्वाहिलीत हे काम क्रियापदातील ‘-इआ’ हा प्रत्यय करतो, आणि तेथे ज्याच्यासाठी स्वयंपाक केला ते मूलच कर्मणि प्रयोगात कर्त्याच्या जागी जाते. मराठीत ‘आई खिडकी उघडून दिली गेली’ असे होत नाही. नवी व्यक्ती आली, पण मुख्य कर्माचे स्थान खिडकीकडेच राहिले.

आता तंजावरकडे वळू. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसल्यांचा इतिहास आणि सरस्वती महालातील मोडी कागद हे मोठे धन आहे. पण लोक काय म्हणत नाहीत, हे कागद सांगत नाही. त्यासाठी तंजावरी घरांतल्या बोलणाऱ्यांनाच विचारले पाहिजे, आणि विचारताना ‘गेले’चा कर्मणि प्रयोग त्यांच्या बोलण्यात सहज येतो की नाही, हे आधी पाहिले पाहिजे. तो सहज येत नसेल, तर ‘आई दिली गेली’ला मिळालेला नकार आईविषयी नसून प्रयोगाविषयीच असेल. अशा वेळी ‘चोर पकडला गेला’ हे वाक्य सोबत विचारावे. तेही नाकारले गेले, तर ही कसोटी तेथे लागू पडत नाही असे नोंदवावे, ‘तमिळचा प्रभाव’ असे नव्हे.