पाच मिनिटांची सरासरी आणि चाळीस सेकंदांची कोंडी

शाळेच्या इंटरनेट लाइनचा आलेख कुणी समोर ठेवला, तर रेष किती उंच गेली आहे हे नंतर पाहा. आधी एकच प्रश्न विचारा : हा प्रत्येक ठिपका किती वेळाची सरासरी आहे? माझं स्पष्ट मत असं आहे की बहुतेक शाळांमध्ये 'लाइन मोकळी आहे, तुमचे संगणकच जुने झालेत' हा निष्कर्ष चुकीच्या अंतराने घेतलेल्या मोजणीतून निघतो. आणि त्यावर उपाय म्हणून जे महागडं 'स्ट्रीमिंग टेलिमेट्री'चं नाव घेतलं जातं, त्याची शाळेला गरज नसते.

आमच्या केंद्रातल्या एका शाळेचं उदाहरण घेऊ. संगणक कक्षात तीस संगणक, १०० एमबीपीएसची फायबर लाइन. इंग्रजीच्या ऑनलाइन सराव चाचणीत ऐकण्याचा भाग सुरू झाला की तीसही मुलं एकदम बटण दाबतात आणि प्रत्येक संगणकावर साधारण सोळा-सतरा एमबीचा आवाज आणि चित्रं उतरायला लागतात. पडद्यावर चक्र फिरत राहतं, काही मुलांचं पान अर्धवट उघडतं, घड्याळ मात्र चालूच. तंत्रज्ञ आला, त्याने आलेख दाखवला : त्या वेळी वापर फक्त २२ एमबीपीएस. म्हणजे लाइन पाऊणहून जास्त रिकामी! मग शाळा व्यवस्थापन समितीत नवे संगणक घेण्यासाठी लोकवर्गणीचा विषय निघाला.

तो २२ आकडा खोटा नव्हता. तो कसा आला ते पाहू.

राऊटरच्या प्रत्येक पोर्टवर एक काउंटर असतो, अगदी घरच्या वीजमीटरसारखा. आत किती बाइट आले, बाहेर किती गेले याची तो नुसती बेरीज करत राहतो. 'आत्ता वेग किती' हे तो सांगत नाही. वीजमंडळाचा माणूस जसा आधीचं रीडिंग आजच्या रीडिंगमधून वजा करतो, तसंच देखरेख करणारा संगणक ठरावीक वेळाने राऊटरला काउंटरचं रीडिंग विचारतो, वजाबाकी करतो आणि मधल्या सेकंदांनी भागतो. ठरावीक वेळाने विचारण्याच्या या पद्धतीला पोलिंग म्हणतात आणि ज्या भाषेत विचारतात ती एसएनएमपी. प्रश्न साधारण असा टाइप होतो :

```
snmpget -v2c -c readonly 192.168.1.1 IF-MIB::ifHCInOctets.2
```

उत्तरात एक भलीमोठी संख्या येते. शेवटचा २ हा पोर्टचा क्रमांक; तो प्रत्येक राऊटरवर वेगळा असू शकतो.

आता त्या शाळेत हे रीडिंग दर पाच मिनिटांनी, म्हणजे ३०० सेकंदांनी घेतलं जात होतं. तीस मुलांचे मिळून सुमारे ५०० एमबी उतरायला १०० एमबीपीएसच्या लाइनवर ४० सेकंद लागतात आणि त्या ४० सेकंदांत लाइन काठोकाठ भरलेली असते. उरलेले २६० सेकंद मुलं ऐकतात, उत्तरं लिहितात. तेव्हा वापर १० एमबीपीएसच्या आसपास. चौथीच्या मुलांनाही जमेल असा हिशेब आहे : ४० गुणिले १०० म्हणजे ४०००, २६० गुणिले १० म्हणजे २६००, बेरीज ६६००, भागिले ३००. उत्तर २२. मुलांची अडचण चाळीस सेकंदांची होती आणि आलेखाने ती तीनशे सेकंदांत वाटून टाकली. दिवसभराच्या सरासरी तापमानावरून दुपारी मैदानावर मुलांना उभं करायचं की नाही हे ठरवण्यासारखंच हे झालं.

तेच रीडिंग मिनिटाला घेतलं असतं तर? चाळीस सेकंद एकाच मिनिटात बसले तर ७० दिसतात. पण मुलांनी बटण कधी दाबायचं हे आपलं घड्याळ बघून ठरत नाही. ती गर्दी दोन मिनिटांत निम्मी निम्मी वाटली गेली तर दोन्ही ठिपके ४० वरच राहतात. तीस सेकंदांना घेतलं, तर कशीही वाटली गेली तरी एक तरी ठिपका ७० किंवा त्याच्या वर जातोच. वीस सेकंदांना घेतलं तर एक पूर्ण खिडकी गर्दीच्या आत सापडते आणि पूर्ण १०० दिसतात. यावरून अंतर निवडायचा नियम सरळ निघतो : जी अडचण शोधायची आहे ती किती वेळ टिकते ते आधी ठरवा आणि मोजणीचं अंतर त्याच्या निम्मं ठेवा. अडचण एखाद्या तासाची असेल, समजा रोज दुपारी कुणीतरी मोठ्या फाइली उतरवतं, तर पाच मिनिटं अगदी ठीक आहेत.

पाच मिनिटांची ही सवय जुनी आहे. १९९५ च्या सुमारास टोबियास ओटिकर यांनी एमआरटीजी नावाचं साधन केलं, ते ६४ केबीपीएसच्या एका लाइनवर नजर ठेवण्यासाठी. त्या लाइनवर कोंडी झाली की ती बराच वेळ टिकायची, त्यामुळे पाच मिनिटं शहाणपणाचीच होती. लाइन हजारपटींनी वाढली, पण सवय तशीच राहिली.

अंतर कमी करण्याआधी दोन गोष्टी तपासायला हव्यात, नाहीतर नवा आलेखही फसवेल.

पहिली, काउंटर कोणता वाचला जातोय. जुना ifInOctets हा ३२ बिटांचा आहे. तो ४२९ कोटींच्या थोडा पुढे गेला की स्कूटरच्या किलोमीटर काट्यासारखा पुन्हा शून्यावर येतो. १०० एमबीपीएसची लाइन सतत भरलेली असेल तर हे ५ मिनिटं ४४ सेकंदांत होतं. १ जीबीपीएसच्या पोर्टवर अवघ्या ३४ सेकंदांत. दोन रीडिंगच्या मध्ये काटा एकदा फिरला तर सॉफ्टवेअर सांभाळून घेतं, पण दोनदा फिरला तर त्याला कळायला मार्गच नाही. मग खूप वापर असताना आलेख खाली पडलेला दिसतो. वरच्या आज्ञेत लिहिलेला ifHCInOctets हा ६४ बिटांचा असतो, तो आपल्या हयातीत फिरणार नाही. मात्र तो एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत मिळत नाही, म्हणून तिथे `-v2c` हवं.

दुसरी गोष्ट टक्क्यांची. राऊटरचं पोर्ट १ जीबीपीएसचं असतं आणि आपण विकत घेतलेली लाइन १०० एमबीपीएसची. सॉफ्टवेअर पोर्टचा वेग वाचतं आणि त्यानेच भागतं. मग लाइन तुडुंब भरली तरी पडद्यावर दिसतं '१० टक्के'. सॉफ्टवेअरमध्ये त्या पोर्टचा वेग हाताने १०० लिहून ठेवायचा, एवढंच करायचं असतं. पालकांपैकी कुणी नेटवर्कमध्ये काम करत असेल तर हे काम त्यांच्याकडे द्यायला हरकत नाही.

आता टेलिमेट्री. यात विचारणं नसतं. राऊटर स्वतःच ठरलेल्या वेळाने रीडिंग पाठवत राहतो. मॉनिटरने वर्गावर्गात जाऊन पट विचारण्याऐवजी प्रत्येक वर्गाने दर तासाला चिठ्ठी ऑफिसात पाठवावी, तसं. याचे फायदे खरे आहेत. चिठ्ठीवर राऊटरने स्वतःची वेळ टाकलेली असते, त्यामुळे भागाकार अचूक होतो. एसएनएमपीत उत्तर यायला उशीर झाला आणि सॉफ्टवेअरने तरीही बरोबर तीसनेच भागलं, तर नसलेले उंचवटे दिसू शकतात. शिवाय हजारो पोर्ट असलेल्या मोठ्या जाळ्यात प्रत्येकाला दर दहा सेकंदांनी विचारत बसणं विचारणाऱ्यालाही झेपत नाही आणि उत्तर देणाऱ्यालाही. डेटा सेंटरवाले टेलिमेट्रीकडे वळले ते याच कारणाने, आणि त्यांनी वळायलाच हवं.

पण टेलिमेट्री वाचते तोच काउंटर. दहा सेकंदांना पाठवला तर आलेला आकडा दहा सेकंदांची सरासरीच असतो. 'रिअल टाइम' हा शब्द ऐकून लोकांना वाटतं की आता सगळं डोळ्यांसमोर घडेल. सेकंदाच्या शंभराव्या भागात येऊन जाणारी गर्दी मात्र यातही दिसत नाही. 'बदल झाला की कळव' अशी सोय टेलिमेट्रीत असते. ती पोर्ट बंद पडलं, चालू झालं यासाठी उत्तम आहे, पण क्षणाक्षणाला बदलणाऱ्या बाइटच्या काउंटरसाठी तिचा उपयोग नाही. त्यात शाळेत बसवलेल्या साध्या राऊटर-स्विचमध्ये ही सोय सहसा नसतेच. म्हणजे नवं उपकरण, चिठ्ठ्या गोळा करणारा वेगळा संगणक आणि तो सांभाळणारा माणूस, आणि हे सगळं कशासाठी, तर फुकटात तीस सेकंदांवर आणता येईल अशा एका मोजणीसाठी! मला हे पटत नाही.

'मग दर सेकंदालाच विचारू या की', असं एका उत्साही सरांनी मला विचारलं होतं. तसं करू नये. बरीच उपकरणं आतला काउंटर काही सेकंदांनीच ताजा करतात. सेकंदाला विचारलं तर शून्य, शून्य, शून्य आणि मग एकदम अशक्य मोठा आकडा येतो, कधीकधी लाइनच्या वेगापेक्षाही जास्त. आलेख करवतीच्या दातांसारखा दिसला तर समजावं की आपण काउंटरपेक्षा जलद विचारतोय. शिवाय छोट्या राऊटरचा जीव तो केवढा. उत्तरं देण्यातच दमला तर मुलांची पानं कोण पोचवणार?

एखादं रीडिंग हुकलं तर घाबरायचं कारण नाही. काउंटर बेरीज धरून असतो, त्यामुळे बाइट हरवत नाहीत. फक्त तो एक ठिपका तीसऐवजी साठ सेकंदांचा होतो.

त्या शाळेला मी जे सुचवलं ते इतकंच : इंटरनेटच्या एका पोर्टला ३० सेकंद, बाकी स्विचच्या पोर्टना पाच मिनिटंच राहू द्या. तीस सेकंदांनी दिवसाला २८८० नोंदी होतात, कुठलाही जुना संगणक त्या सहज ठेवतो. फक्त जुन्या नोंदी साठवताना बरीच सॉफ्टवेअर्स त्यांची पुन्हा सरासरी काढून ठेवतात, म्हणून सरासरीबरोबर कमाल आकडाही जपून ठेवा अशी सेटिंग करायची. नाहीतर चाचणी मंगळवारी आणि समितीची बैठक पुढच्या महिन्यात, तोवर आलेखातला डोंगर पुन्हा सपाट झालेला असतो. पुढची चाचणी या सेटिंगवर होऊ दे. ऐकण्याचा भाग सुरू होताच ठिपका ७० च्या वर गेला, तर संगणकांच्या वर्गणीचा विषय थांबवून मुलांना दहा-दहाच्या गटाने, पंधरा-पंधरा सेकंदांच्या फरकाने बटण दाबायला सांगून पाहा. दहा मुलांचा भाग उतरायला तेरा-चौदा सेकंदच लागतात. ठिपका खालीच राहिला, तर मात्र तंत्रज्ञाचं ऐका आणि संगणक उघडून बघा.