भाषाविचार : एक ‘करणें’ आणि इंग्रजीचीं दोन क्रियापदें

‘मीं गृहपाठ केला, त्यांत एक चूक केली, ती आईच्या लक्षांत येतांच गणित पुन्हां केलें, आणि यापुढें घाई न करण्याचा निश्चय केला.’ एखाद्या शाळकरी मुलानें लिहावें असें हें वाक्य मराठींत अगदीं निर्दोष आहे. परंतु तेंच इंग्रजींत उतरवूं लागलें कीं पंचाईत होते. कारण आपल्या एका ‘करणें’ या क्रियापदाच्या जागीं तेथें ‘मेक’ आणि ‘डू’ अशीं दोन क्रियापदें उभीं असतात, आणि कोणतें कोठें घ्यावें हें मराठी कांहींच सांगत नाहीं.

ही आपल्या भाषेची उणीव नव्हे. संस्कृतांतील ‘कृ’ धातूही दोन्ही अर्थ वाहतो: घडे घडविणारा तो कुंभकार, आणि जें करावयाचें तें कर्तव्य. फ्रेंच भाषेंतही दोहोंस एकच क्रियापद पुरतें. इंग्रजीनें मात्र या कामाची वांटणी केली आहे.

वांटणीचें तत्त्व नाशिकच्या तांबटाच्या दुकानांत उभें राहून पाहावें. ‘तांबट पातेलें करतो’ आणि ‘तांबट आपलें काम करतो’ हीं दोन वाक्यें घ्या. पहिल्यांत पूर्वीं नसलेली वस्तु निर्माण होते, येथें ‘मेक’. दुसऱ्यांत काम आधींच नेमलेलें आहे, तें केवळ पार पडतें, येथें ‘डू’. म्हणून मुलाला एकच प्रश्न विचारावयास शिकवावें: क्रिया संपल्यावर नवें असें कांहीं उरलें काय, कीं ठरलेलें काम संपलें?

ही कसोटी आरंभींच्या वाक्याला लावूं. गृहपाठ गुरुजींनीं दिलेला, म्हणून ‘डू’. गणितही पुस्तकांत आधींच होतें, म्हणून तेंही ‘डू’. चूक मात्र पुस्तकांत नव्हती. ती मुलानेंच उत्पन्न केली, म्हणून ‘मेक’. निश्चयही त्याच्याच मनांत नव्यानें जन्मला, म्हणून पुन्हां ‘मेक’. ‘डू अ मिस्टेक’ किंवा ‘मेक होमवर्क’ लिहिलें कीं भाषांतर मराठीवरून शब्दशः झालें हें परीक्षक तत्काळ ओळखतो.

‘डिसिजन’ या शब्दाचें प्रकरण थोडें निराळें आहे. मराठींत न्यायाधीश निर्णय देतो, आपण निर्णय घेतों, आणि वादाचा निर्णय करतातही. इंग्रजींत सामान्यतः ‘मेक’ येतें, ब्रिटिश लेखनांत ‘टेक’ही आढळतें, ‘डू’ मात्र कधींही नाहीं.

स्वयंपाकघरांत हा भेद अधिक सूक्ष्म होतो. ‘वहिनींनीं पुरणपोळ्या केल्या’ येथें पदार्थ तयार झाला, म्हणून ‘मेक’. ‘वहिनींनीं स्वयंपाक केला’ यांतील स्वयंपाकाला ‘कुकिंग’ म्हटलें कीं तें कामाचें नांव होतें आणि ‘डू’ लागतें. तसेंच ‘वॉशिंग’ व ‘शॉपिंग’ यांचें.

मात्र ही कसोटी सर्वत्र तारीत नाहीं. हानि ही नव्यानेंच घडते, तरी ‘हार्म’ला ‘डू’च हवें. पलंग आधींच असतो, तरी त्यावरील अंथरूण नीट करण्याला ‘मेक द बेड’ म्हणतात. अशा जोड्या रूढीनें ठरल्या आहेत. तेथें तर्क न लढवितां नाम आणि क्रियापद वहींत एकत्रच लिहावें व एकत्रच पाठ करावें. नुसता ‘हार्म म्हणजे हानि’ असा अर्थ लिहिल्यास अर्धेंच ज्ञान हातीं येतें.

शिवाय प्रत्येक ‘करणें’ या दोहोंपैकीं एकांत बसतेंच असें नाहीं. रामकुंडांत स्नान केलें तर ‘डिप’बरोबर ‘टेक’ येतें. प्रश्न केला तर ‘आस्क’. म्हणून आधीं त्या नामाचें स्वतःचें क्रियापद आहे काय तें पाहावें, आणि मगच तांबटाची कसोटी लावावी.

या अभ्यासांत एक उलटा धोकाही संभवतो. हिंदीच्या सहवासानें आपल्याकडे ‘चहा बनविला’, ‘भाजी बनविली’ असे प्रयोग आधींच शिरले आहेत. ‘मेक’चा अर्थ ‘बनविणें’ असा घोकल्यानें ते अधिकच दृढ होतात. मराठींत चहा करावा, दहीं लावावें, लोणचें घालावें, लोणी काढावें. इंग्रजीची वांटणी इंग्रजीपुरती पाळावी. तिच्यासाठीं घरांतलीं हीं क्रियापदें टाकण्याचें कारण नाहीं.