दहा मिनिटांत ‘द गोल’

आमच्या ऑफिसात दर महिन्याला कुणीतरी एका बिझनेस बुकवर दहा मिनिटं बोलतं. या वेळी माझी पाळी होती. मी एलियाहू गोल्डरॅट आणि जेफ कॉक्स यांचं ‘द गोल’ निवलं. १९८४ सालचं हे पुस्तक चक्क कादंबरी आहे. अ‍ॅलेक्स रोगो नावाच्या मॅनेजरला आपला कारखाना बंद पडण्यापासून वाचवायला तीन महिने मिळतात, एवढीच गोष्ट.

दहा मिनिटांत सावकाश बोललं तर हजार-बाराशे शब्द होतात आणि पुस्तक तीनशे पानांच्या वर. प्रकरणवार सारांश काढायला बसलात तर सातव्या मिनिटाला तुम्ही निम्म्यात असता आणि समोरचे मोबाईलमध्ये. म्हणून मी एकच प्रसंग घेतला. अ‍ॅलेक्स मुलांना डोंगरवाटेवर चालायला नेतो. हर्बी नावाचा मुलगा सगळ्यांत हळू चालतो, त्याच्यामागे रांग तुंबते आणि पुढची मुलं लांब निघून जातात. शेवटचा मुलगा पोचेल तेव्हाच सगळे पोचले, म्हणजे सगळ्यांचा वेग हर्बीच ठरवतो! अ‍ॅलेक्स त्याला पुढे घेतो आणि त्याच्या पाठपिशवीतलं ओझं इतरांत वाटतो. रांग एकत्र राहते आणि वेगही वाढतो. ही गोष्ट सांगायला तीन मिनिटं लागली.

पुढची चार मिनिटं आमच्याच टीमची. (हा भाग नसेल तर लोकांनी पुस्तकच वाचलेलं बरं.) आमच्याकडे सहा डेव्हलपर आठवड्याला साधारण बारा बदल रिव्ह्यूला पाठवतात, आणि दोन सीनियर मिळून आठच तपासू शकतात. म्हणजे दर आठवड्याला चार शिल्लक, महिन्याला सोळा. सातवा डेव्हलपर घेतला तर काम वाढत नाही, ढीग वाढतो. पुस्तकात अडलेल्या मशीनवर जाण्याआधीच खराब भाग तपासून बाजूला काढतात. तसं आमच्याकडे टेस्ट पास झाल्याशिवाय बदल रिव्ह्यूला जाऊच द्यायचा नाही. सीनियरांना मीटिंगमधून सोडवणं, हे हर्बीचं ओझं कमी करणं.

एक मिनिट मर्यादांना दिलं. कारखान्यात भट्टी जागची हलत नाही, आमच्याकडे आज रिव्ह्यू अडतो, उद्या टेस्टिंग. शिवाय कादंबरीतली माणसं लेखकाच्या सोयीनं वागतात, तेव्हा तिला पुरावा म्हणायचं नाही.

तयारी म्हणून आदल्या रात्री बायकोला ऐकवलं. ती शाळेत शिकवते, कोडशी तिचा संबंध नाही. बोलणं संपल्यावर तिला विचारलं, काय कळलं? ती म्हणाली, “तुमच्या ऑफिसात हर्बी दोन आहेत, आणि त्यांनाच सगळ्या मीटिंगना बोलावतात.” मग स्लाइड्स नऊवरून तीनवर आणल्या.

प्रश्नोत्तरांत एका सीनियरनं पहिलाच प्रश्न विचारला, “मग सोमवारची मीटिंग रद्द कोण करणार?”