डब्यामागची भिंत

कचऱ्याचा डबा फोटोतून पुसायला अर्धे मिनिट पुरते. त्याच्यामागची जी भिंत आणि जो फुटपाथ कॅमेऱ्याने कधी टिपलाच नाही, ते उभे करायला खरा वेळ लागतो. उदाहरणासाठी मुंबईच्या फोर्ट भागातले नेहमीचे दृश्य घेता येईल. घडीव दगडांच्या थरांची जुनी भिंत, तिच्या पायथ्याशी पेव्हर ब्लॉकचा फुटपाथ आणि भिंतीला टेकून उभा असलेला हिरवा, चाकांचा, २४० लिटरचा डबा. सकाळचे ऊन डावीकडून येते, त्यामुळे डब्याची सावली उजवीकडे भिंतीवर आणि खाली फरशीवर पडलेली आहे.

पहिले काम लेन्सचे. वाइड लेन्समुळे सरळ रेषांना आलेला बाक लेन्स प्रोफाइल लावून आधी काढून टाकावा. दगडांचे थर वाकलेलेच राहिले, तर पुढे बसवलेला कोणताही तुकडा एका टोकाला जुळतो आणि दुसऱ्या टोकाला निसटतो.

त्यानंतर डब्याने प्रत्यक्ष झाकलेला भाग आणि सावलीने नुसता काळवंडलेला भाग वेगळे करावेत. बहुतेकजण दोन्ही एकाच निवडीत घेऊन पुसतात आणि कामाचा व्याप विनाकारण वाढवतात. सावलीखालचा दगड फोटोत आहेच. त्याची भेग, त्याचा डाग, टाकीचे घाव सगळे शाबूत असते. फक्त उजेड कमी असतो. तिथे नवा दगड बसवण्याऐवजी कर्व्ह्ज लेअरने तो भाग उजळावा. उन्हातला भाग सूर्याच्या पिवळसर प्रकाशात असतो आणि सावलीला आकाशाचा निळसर प्रकाश मिळतो, म्हणून नुसती उजळलेली सावली राखी-निळी दिसते. लाल वाहिनी थोडी वर आणि निळी थोडी खाली घेतली की रंग शेजारच्या दगडाशी मिळतो. मास्कची कडा मात्र सगळीकडे सारखी ठेवून चालत नाही. वस्तूच्या जवळ सावलीची कड धारदार असते, लांब जाईल तशी ती विरघळते. मास्कही त्याच हिशेबाने मऊ करत न्यावा लागतो. उरते ती डब्याच्या हिरव्या रंगाची भिंतीवरची परावर्तित झाक. ती डोळ्याला चटकन कळत नाही, पण डबा गेल्यावर भिंतीवर हिरवट पट्टा बनून उरते. ‘कलर’ ब्लेंड मोडमधल्या वेगळ्या लेअरवर शेजारचा दगडी रंग हलक्या हाताने फिरवला की ती जाते.

आता डब्याने झाकलेला भाग. इथे सर्वांत भरवशाचा उपाय फोटो काढतानाच हाती असतो: तीच चौकट घेतल्यावर दोन पावले बाजूला सरकून आणखी एक फोटो घ्यावा. डबा भिंतीला अगदी चिकटून असेल तर थोडेच दिसते, पण वीतभर अंतर असले तरी पहिल्या फोटोत लपलेले बरेच दगड दुसऱ्या फोटोत उघडे पडतात. कोन बदलल्यामुळे तो तुकडा जसाच्या तसा बसत नाही. मात्र भिंत हे एक सपाट प्रतल आहे आणि प्रतलाचे रूपांतर चार बिंदूंवर ठरते. दोन्ही फोटोंत ओळखू येतील असे दगडांच्या सांध्यांचे चार कोपरे, शक्य तितके एकमेकांपासून दूर, निवडावेत आणि ‘डिस्टॉर्ट’ने दुसऱ्या फोटोचे ते कोपरे पहिल्यावर आणून बसवावेत. मधले सगळे थर आपोआप जागेवर येतात. या वेळी फुटपाथ मात्र वेडावाकडा झालेला दिसेल. त्यात चूक काही नाही, कारण फुटपाथ हे दुसरे प्रतल आहे. त्याच्यासाठी दुसऱ्या फोटोची आणखी एक प्रत घेऊन पेव्हर ब्लॉकच्या चार कोपऱ्यांवर स्वतंत्रपणे जुळवणी करावी. दोन्ही प्रतलांना एकाच ताणात बसवण्याचा हट्ट हेच अशा कामांच्या फसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण.

दुसरा फोटो नसेल तर त्याच फोटोतून उसनवारी करावी लागते. फोटोशॉपमध्ये रिकामा लेअर घेऊन Ctrl+Alt+V ने व्हॅनिशिंग पॉइंट उघडावे, भिंतीवर आणि फुटपाथवर वेगवेगळी जाळी आखावी. जाळी निळी असेल तरच पुढे जावे. पिवळी किंवा लाल झाली तर कोपरे पुन्हा लावावेत. या जाळीत उचललेला दगड लांब नेला की लहान होतो, जवळ आणला की मोठा. साध्या क्लोन स्टॅम्पला हे कळत नाही, म्हणून जवळचा ब्लॉक लांबच्या ओळीत जाऊन बसतो आणि फरशी मध्येच फुगल्यासारखी दिसते. भिंतीत दगड ठेवताना गवंड्याचा नियमही पाळावा: खालच्या थरातल्या उभ्या सांध्यावर वरचा उभा सांधा येता कामा नये. कंटेंट-अवेअर फिल गिलाव्याच्या भिंतीला पुष्कळदा पुरे पडते. थरांच्या भिंतीत ते अर्धा दगड मध्येच संपवते, आणि तसा दगड कोणी बांधत नाही.

सर्वांत अवघड जागा भिंत आणि फुटपाथ यांच्या सांध्याची. तिथे हीलिंग ब्रश वापरू नये. तो कडेचा उजेड आत ओढतो, त्यामुळे काळसर सांध्याजवळ धुरकट डाग पडतो. ‘Current & Below’ लावलेला क्लोन स्टॅम्प आणि कडक ब्रश घेऊन आधी ती रेषा डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत जोडावी, मग वर भिंत आणि खाली फरशी भरावी. पायथ्याशी पावसाच्या शिंतोड्यांचा आणि पानाच्या पिचकाऱ्यांचा वीतभर पट्टा असतो. तो डब्यापुरता स्वच्छ निघाला, तर डबा कुठे होता हे कुणालाही बोट ठेवून दाखवता येते.

शेवटी कण. डिस्टॉर्ट केलेला तुकडा थोडा मऊ होतो, उजळलेली सावली कणीदार होते. पूर्ण आकारात पाहून मऊ भागात तेवढाच नॉइज घालावा. तपासणीसाठी सर्वांत वर एक तीव्र वळणाचा तात्पुरता कर्व्ह ठेवला की न जुळलेले ठिपके लगेच उठून दिसतात. चित्र आडवे उलटून पाहिले की एकसारखे दोन दगडही सापडतात.

डब्याऐवजी होर्डिंग पुसायचे असेल तर गणित वेगळे आहे. रस्त्याकडेच्या होर्डिंगमागे बहुधा खिडक्या, सज्जे, झाडे अशी कमी-जास्त खोलीची गर्दी असते. एकच प्रतल नसल्यामुळे चार बिंदूंची युक्ती तिथे चालत नाही. इमारतीचा दर्शनी भाग सपाट असेल आणि दुसरा फोटो असेल तरच हात घालावा; नाहीतर कातरलेली चौकट बनावट खिडक्यांपेक्षा बरी.

हे सारे कॅलेंडर, पुस्तक किंवा हॉटेलच्या भिंतीसाठी. स्पर्धेसाठी नाही. पीएसए आणि फियाप यांच्या नियमांनुसार फोटो ट्रॅव्हल विभागात कातरणे सोडून मूळ चित्रातला कोणताही घटक काढणे, हलवणे किंवा बदलणे निषिद्ध आहे. धूळ आणि नॉइज काढायला मुभा आहे, डब्याला नाही. तेव्हा दुरुस्त प्रतीच्या नावातच तसा उल्लेख ठेवावा आणि मूळ रॉ फाइल जपून ठेवावी, म्हणजे चुकीची प्रत प्रवेशिकेत जाणार नाही.