बाटलीची मागची बाजू

गेल्या हिवाळ्यात इंदूरच्या माझ्या दवाखान्यात एक आजी आठ महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. बाळाचे गाल आणि हातापायांची बाहेरची बाजू लालसर, कोरडी, खाजरी झाली होती. "डॉक्टरसाहेब, बदाम तेलाचं महागडं लोशन रोज लावतो, तरी असं कसं हो?" असे म्हणत त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. दर्शनी भागावर बदामाचे चित्र आणि 'क्लिनिकली प्रूव्हन' अशी मोहोर. मी बाटली उलटी केली.

सौंदर्यप्रसाधनावरील घटकांचा क्रम नियमाने ठरलेला असतो. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. ही एक टक्क्याची रेषा छापलेली नसते, पण शोधता येते. फिनॉक्सीएथेनॉल या परिरक्षकाची कमाल मर्यादाच एक टक्का आहे. म्हणून त्याच्यानंतर येणारा कोणताही घटक एक टक्क्याहून अधिक असू शकत नाही.

या बाटलीवर पाणी, ग्लिसरीन, खनिज तेल, इमल्सिफायर, मग फिनॉक्सीएथेनॉल, त्यानंतर परफ्यूम आणि अगदी शेवटी 'प्रुनस अमिग्डॅलस डल्सिस', म्हणजे बदाम तेल, असा क्रम होता. ओलावा टिकविण्याचे काम ग्लिसरीन व खनिज तेल करीत होते. बदाम जवळजवळ चित्रापुरताच होता. अल्प प्रमाण म्हणजे निरुपयोगी असे मात्र नव्हे. रेटिनॉल एक टक्क्याच्या आतही काम करते. परंतु तेलाच्या स्निग्धतेला प्रमाण लागतेच. उलट 'परफ्यूम' या एका शब्दाआड अनेक रसायने असू शकतात, आणि इसबाच्या त्वचेला ती अल्प प्रमाणातही झोंबू शकतात.

मोहोरेखाली बारीक अक्षरांत लिहिले होते की चार आठवड्यांनंतर बहुतेक मातांना बाळाची त्वचा अधिक मऊ वाटली. तुलना कशाशी केली, याचा उल्लेख नव्हता. साधी पेट्रोलियम जेली चार आठवडे लावली असती, तरी मातांनी हेच सांगितले असते. तुलनेचा गट नसेल आणि मोजमाप 'वाटले' एवढेच असेल, तर त्यास सिद्धता म्हणता येत नाही.

'डिटॉक्स'च्या पुड्यांनाही हीच कसोटी लावावी. शिशाची विषबाधा झालेल्या मुलावर आपण उपचार करतो, तेव्हा विषाचे नाव ठाऊक असते आणि रक्तातील त्याचे प्रमाण आधी व नंतर मोजलेले असते. पुडीवर विषाचे नावही नसते.

आजींना मी लोशन बंद करून सौम्य मलम काही दिवस, आणि आंघोळीनंतर लगेच बिनवासाची पेट्रोलियम जेली लावण्यास सांगितले. दोन आठवड्यांनी बाळ शांत झोपू लागले होते. जाताना त्या म्हणाल्या, "पण ही बाटली आम्हाला एका डॉक्टरांच्याच टेबलावरून मिळाली होती."

ते वाक्य मला अजून टोचते. मित्रहो, नमुना पुढे करण्यापूर्वी तो आपणच एकदा उलटा करून वाचावा, एवढीच विनंती.