पांढरं म्हटलं म्हणून सोनं पांढरं होत नाही

माझ्या भाच्याचा निकाह ठरला तेव्हा मुलीकडच्यांनी त्याला अंगठी करायची ठरवली. शहरातल्या एका मोठ्या दुकानात सगळे गेले. पुरुषाला सोनं चालत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. हे सेल्समनलाही ठाऊक होतं. त्याने पांढऱ्याशुभ्र अंगठ्यांचा ट्रे पुढे केला आणि म्हणाला, "हे तुमच्यात चालतं. हे पिवळं सोनं नाही, व्हाइट मेटल आहे." अंगठी घेतली गेली. चौदा महिन्यांनी भाचा माझ्याकडे आला आणि बोट पुढे करून म्हणाला, "मामू, ही तळहाताच्या बाजूने पिवळी का पडतेय?"

पिवळी पडत नव्हती. ती आधीपासूनच पिवळट होती. आता फक्त वरचा बुरखा उतरला होता.

आतल्या बाजूला भिंगातून पाहिलं तर 750 हा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा HUID क्रमांक. म्हणजे 18 कॅरेट, हजारात साडेसातशे भाग शुद्ध सोनं. उरलेल्या अडीचशे भागांत निकेल किंवा पॅलेडियम आणि थोडं चांदी-तांबं-जस्त. निकेल आणि पॅलेडियम सोन्याचा पिवळा रंग मारतात, पण पूर्ण मारत नाहीत. राहतो तो फिकट, किंचित पिवळट करडा रंग. दुकानात दिसणारी आरशासारखी पांढरी चकाकी सोन्याची नसतेच. ती ऱ्होडियम या वेगळ्याच धातूच्या मुलाम्याची असते, आणि तो मुलामा बहुधा एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. हिशेब करून पाहा. अंगठीचा पृष्ठभाग साधारण सहा चौरस सेंटिमीटर धरला आणि मुलामा अर्धा मायक्रॉन, तर सगळं मिळून ऱ्होडियम भरतं जेमतेम चार मिलिग्रॅम. गाडीचं हँडल, दाराची कडी, भांडी घासणं, सगळा मार तळहाताकडच्या बाजूला बसतो, म्हणून मुलामा तिथूनच आधी जातो. रोज घालायच्या अंगठीवर तो एक-दोन वर्षं टिकला तरी खूप.

मग दुकानदार म्हणतो, "आणा, परत करून देऊ." देतो, हे खरं. पण नवा मुलामा नीट बसायला आधी अंगठी घासून पॉलिश करावी लागते आणि त्या घासण्यात सोनं जातं. एकदा-दोनदा काही कळत नाही, पण वीस वर्षं हेच करत राहिलात तर नक्षी बुजते आणि पट्टी बारीक होते. म्हणजे रंग टिकवायचा तर अंगठी झिजवायची. हे घेताना कुणी सांगत नाही.

माझा राग सोन्यावर नाही. 18 कॅरेटचं व्हाइट गोल्ड कामाचं आहे. निकेलवालं तर चांगलं कडक असतं आणि पटकन ओरखडे घेत नाही. (निकेलने काहींच्या बोटाला खाज आणि पुरळ येतं, आणि पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन किंवा ब्लीच वारंवार लागलं तर खड्याच्या बारीक नखांना तडे जाऊ शकतात, एवढं लक्षात ठेवावं.) माझा राग त्या "व्हाइट मेटल" शब्दावर आहे. विदर्भातला शेतकरी कापसाला पांढरं सोनं म्हणतो, त्याने कुणी फसत नाही. अरबीत प्लॅटिनमलाही "पांढरं सोनं" म्हणण्याची रीत होती, त्यामुळे आपल्यातही गोंधळ आहे. प्लॅटिनम चालतं ना, मग हेही चालेल, असं लोक धरून चालतात. पण प्लॅटिनम हे मूळचं वेगळं मूलद्रव्य आहे आणि व्हाइट गोल्ड हे तीन चतुर्थांश सोनं आहे. हराम-हलालचा प्रश्न रंगाचा नाही, धातूचा आहे, आणि धातू काय आहे ते 750 सांगतो.

आता प्लॅटिनमवाल्यांकडे वळू, कारण तेही काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. "आयुष्यभर तसंच राहतं" ही जाहिरात अर्धी खरी आहे. Pt950 म्हणजे हजारात साडेनऊशे भाग प्लॅटिनम. ते अंगभूत पांढरं आहे, मुलामा लागत नाही, पिवळं पडत नाही. पण ते निकेलच्या व्हाइट गोल्डपेक्षा मऊ असतं आणि महिन्याभरात ओरखडे दिसू लागतात. फरक एवढाच की ओरखड्यात प्लॅटिनम बहुतांशी बाजूला सरकतं, झडून जात नाही. म्हणून अंगठी मंद, धुरकट दिसते, पण वर्षानुवर्षं जाडी राखून असते. चकाकी जाते आणि धातू राहतो. व्हाइट गोल्डमध्ये चकाकीही जाते आणि धातूही. रोजच्या अंगठीसाठी टिकाऊपणा म्हणजे हाच.

आता पैशाचं बघू. प्लॅटिनमचा ग्रॅमचा भाव 2015 पासून सोन्याच्या खाली आहे, म्हणून लोकांना वाटतं अंगठी स्वस्त पडेल. इथे वजन मध्ये येतं. एकाच मापाची, एकाच जाडीची अंगठी घ्या. व्हाइट गोल्डमध्ये ती 5.4 ग्रॅम भरली तर Pt950 मध्ये सुमारे 7.2 ग्रॅम भरते, कारण प्लॅटिनम फार जड आहे. पहिलीत शुद्ध सोनं चार ग्रॅम, दुसरीत शुद्ध प्लॅटिनम 6.8 ग्रॅम. म्हणजे प्लॅटिनमचा भाव सोन्याच्या साठ टक्क्यांच्या आत असेल तरच धातूपुरती प्लॅटिनमची अंगठी स्वस्त. त्यात घडणावळ जास्त, कारण प्लॅटिनम 1768 अंशांना वितळतं आणि गल्लीतल्या सोनाराच्या भट्टीला ते झेपत नाही. माप बदलायचं असो की मोडायचं, पुन्हा मोठ्या दुकानातच जावं लागतं, आणि तिथे घट किती लावणार हे घेतानाच लिहून घ्यावं.

पॅलेडियमबद्दल आपल्याकडे कुणी बोलतच नाही. तेही प्लॅटिनमच्याच कुळातलं, अंगभूत पांढरं, थोडं करडं, मुलाम्याशिवाय चालणारं. वजनाला हलकं, तीच अंगठी चार ग्रॅमच्या आसपास. त्यातलं शुद्ध पॅलेडियम 3.9 ग्रॅम, म्हणजे व्हाइट गोल्डमधल्या सोन्याइतकंच. त्यामुळे दोन्ही भाव शेजारी ठेवले की अंगठ्यांची तुलना झाली. ब्रिटनमध्ये 2010 पासून पॅलेडियमला हॉलमार्क सक्तीचा आहे. पण हा भाव मोठा लहरी. पेट्रोल गाड्यांच्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रात पॅलेडियम लागतं, म्हणून 2019 च्या सुमारास ते सोन्याहून महाग झालं, 2022 च्या मार्चमध्ये गगनाला भिडलं आणि पुढच्या दोन वर्षांत कोसळलं. शिवाय वितळताना ते वायू शोषून घेतं आणि ओतकाम सच्छिद्र होतं, म्हणून कारागीर हात लावायला कचरतात. आपल्या सराफ बाजारात मागून बघा, दहापैकी नऊ जण "ते काय असतं?" विचारतील.

भाच्याला मी म्हटलं, दुकानात जाऊन बिल दाखव. बिलावर "18 कॅरेट गोल्ड" असं स्वच्छ छापलेलं होतं. तोंडाने व्हाइट मेटल आणि कागदावर सोनं! मॅनेजरने आधी "रंग तर पांढरा आहे ना" असं म्हणून पाहिलं. मग HUID बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून दाखवला, तेव्हा शुद्धता 18 कॅरेट आली आणि तो गप्प झाला. घडणावळ कापूनच अंगठी परत घेतली, तेवढं नुकसान आमचं.

त्या पैशांत त्याने Pt950 ची साधी, बिनखड्याची पट्टी घेतली. आम्ही कोकणातले, शाफई. हनफी घरांतल्या वाचकांनी मात्र प्लॅटिनमआधी आपल्या आलिमांना विचारावं, तिथे पुरुषाला चांदीचीच अंगठी, तीही एका मिस्कालच्या आत, असं सांगतात. अंगठी आता मंद झालीय, ओरखडे भरलेत. परवा त्याची बायको म्हणाली, पॉलिश करून आणा. तो म्हणाला, "राहू दे, आता हिच्यावर उतरायला काही नाही."