बार चार्ट सगळ्यात शेवटी काढा!



प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या व्हिडिओनंतर सराव म्हणून मी नेहमी एक प्रश्न देतो: "दुकान सुरू करण्याचा बार चार्ट काढा." दहापैकी आठ जण लगेच वहीत तारखा टाकून आडवे पट्टे ओढायला लागतात. माझं मत स्पष्ट आहे, इथेच चूक होते. पट्टे शेवटी काढायचे. त्याआधी कामाची फोड, आणि मग कोणतं काम कशासाठी अडतं ते.

आपल्या रानशेतचंच उदाहरण घेऊ. समजा तुम्हाला चिकू मिल्कशेकचं छोटं दुकान टाकायचंय. चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा सुरू होते, त्याआधी दुकान चालू पाहिजे. हातात 20 दिवस आहेत, 21व्या दिवशी जत्रा.

आधी वर्क ब्रेकडाऊन स्ट्रक्चर, म्हणजे कामाची फोड. "धावपळ करणे", "लोकांना भेटणे" असं लिहू नका. शेवटी हातात काय यायला हवं ते लिहा: गाळा, वीज, फ्रीझर, अन्न परवाना, माल. मग प्रत्येकाखाली कामं लिहा. तपासायची पद्धत सोपी आहे. खालची सगळी कामं संपली की वरची वस्तू पूर्ण मिळते का? "वीज" खाली फक्त वायरिंग लिहिलं असेल तर उत्तर "नाही", कारण मीटर राहिला.

आता प्रत्येक कामापुढे "आधी काय" हा रकाना भरा. दिवस मी अंदाजाने धरलेत, तुमचे तुम्ही विचारून घ्या.

| काम | आधी काय | दिवस |
|---|---|---|
| गाळ्याचा करार | – | 3 |
| वायरिंग | करार | 4 |
| मीटर (अर्ज ते जोडणी) | ? | 12 |
| फरशी-रंग | वायरिंग | 5 |
| फ्रीझर मागवणे | करार | 7 |
| अन्न नोंदणी | करार | 10 |
| फ्रीझर लावून तपासणे | मीटर, रंग, फ्रीझर | 2 |
| चाचणी विक्री | तपासणी, नोंदणी | 2 |

सगळा खेळ त्या प्रश्नचिन्हाचा आहे. बहुतेक जण तिथे "करार" लिहितात. मग मीटर 4 ते 15, फ्रीझरची तपासणी 16-17, चाचणी विक्री 18-19. जत्रेआधी एक दिवस शिल्लक! पण नवीन वीजजोडणीसाठी परवानाधारक ठेकेदाराचा वायरिंग टेस्ट रिपोर्ट लागतो. म्हणजे आधी वायरिंग, मग अर्ज. आता मीटर 8 ते 19, तपासणी 20-21, चाचणी विक्री 22-23. जत्रा सुरू होऊन गेलेली असेल. पट्टे दोन्ही वेळा तेवढ्याच लांबीचे, फक्त एक जोडणी चुकली आणि चार दिवस गेले.

माझ्या पहिल्या दुकानाचं हेच झालं होतं. रंग झाला, बोर्ड लागला, फ्रीझर दारात येऊन पडला आणि मीटरचा पत्ता नाही. हप्ता मात्र सुरू झाला होता!

आता पट्टे काढा, म्हणजे दुसरी गोष्टही दिसेल. करार, वायरिंग, मीटर, तपासणी, चाचणी ही साखळी अडली की दुकान अडलं. फ्रीझरचं तसं नाही. तो 20व्या दिवशी लागणार, म्हणजे 13व्या दिवशी मागवला तरी 19ला पोचतो. चौथ्या दिवशी पैसे अडकवायची गरज नाही. मात्र अगदी 13व्यावर जाऊ नका, डिलिव्हरी उशिरा झाली तर साखळी तिथेही अडेल. मी 10व्या दिवशी मागवेन.

राहिले माइलस्टोन. माइलस्टोन म्हणजे काम नाही, खूण आहे. त्याला दिवस लागत नाहीत, चार्टवर पट्टा नाही तर छोटा चौकट काढतात. "विजेचं काम 80 टक्के झालं" हा माइलस्टोन होत नाही. "मीटर बसला, दिवा लागला" हा होतो. ज्याचं उत्तर फक्त हो किंवा नाही, तोच माइलस्टोन धरा. इथे तीन पुरेत: करारावर सह्या, टेस्ट रिपोर्ट हातात, दिवा लागला. टेस्ट रिपोर्ट 7व्या दिवशी हातात नसेल, तर उशीर तुम्हाला त्याच दिवशी कळतो. 19व्या दिवशी कळून उपयोग काय?

मग जत्रा गाठायची कशी? वायरिंगला जास्त माणसं लावून चाराचे दोन दिवस केले तरी चाचणी 21ला संपते, एक दिवस कमीच पडतो. रंगाला माणसं वाढवून तर काहीच होणार नाही, तिथे सात दिवस आधीच मोकळे आहेत. सरळ उपाय म्हणजे करार तीन दिवस आधी सुरू करा.

आज तुमच्या धंद्याची यादी घ्या आणि फक्त "आधी काय" हा रकाना भरा. जिथे तुम्ही अंदाजाने लिहिलंय, तिथे वायरमनला, दुकानदाराला, ऑफिसात जाऊन विचारा. त्यानंतरच पट्टे ओढा.